तीन मिनिटांचे अंतर येते कुठून?

मुंबईच्या लोकलमध्ये कमीत कमी तीन मिनिटांचे अंतर ठेवतात, म्हणजे एका मार्गावर तासाला 20 गाड्या.

सुरुवातीच्या रेल्वेत घड्याळावर भरवसा होता: पुढची गाडी निघून ठरलेली मिनिटे झाली की मागची सोडायची. पण पुढची वाटेत अडली तर मागच्याला कळणार कसे? 1889 मध्ये आयर्लंडमध्ये आर्माजवळ चढावर अडलेल्या गाडीचे सोडवलेले डबे मागे घरंगळत येऊन मागच्या गाडीवर आदळले. त्याच वर्षी ब्रिटनने ‘एका टप्प्यात एकच गाडी’ हा नियम कायद्याने सक्तीचा केला.

नियम सुरक्षित होता, पण टप्पा म्हणजे दोन स्थानकांमधला सगळा रूळ, त्यामुळे गाड्या कमी. 1928 मध्ये व्हीटी ते भायखळा स्वयंचलित रंगीत सिग्नल आले आणि टप्पे लहान झाले. गाडीची चाके रुळांतला वीजप्रवाह जोडतात तसा मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. त्यामागे एक पिवळा, दोन पिवळे, मग हिरवा.

आता हिशेब. ताशी 100 किमी वेगात, सेकंदाला 0.8 मीटर प्रतिसेकंद वेग कमी करणारा ब्रेक लागला, तर गाडी सुमारे 480 मीटरमध्ये थांबते. मोटरमनचे तीन सेकंद धरले की 565. दोन पिवळ्यांपासून लालपर्यंत दोन टप्पे मिळतात, म्हणून 300 मीटरचा टप्पाही कागदावर पुरतो. मात्र पावसात ब्रेक 0.6 वर आला तर 725 मीटर लागतात. 400 मीटरचा टप्पा धरण्याचे कारण हेच.

मागच्या गाडीला सतत हिरवा दिसायचा तर मध्ये तीन टप्पे (1200 मीटर), सिग्नल आधीच दिसावा म्हणून 200, लाल सिग्नलपुढची राखीव जागा 120 आणि बारा डब्यांची लांबी सुमारे 260 मोकळी हवी. एकूण 1780 मीटर. ताशी 60 किमीने हे 107 सेकंदांत पार होते. मधल्या स्थानकावर वेग कमी करून पुन्हा पकडण्यात साधारण 26 सेकंद जातात, थांबा 30. बेरीज 163.

उरले 17 सेकंद. दारात गर्दी अडून थांबा 50 सेकंदांचा झाला की ते संपतात, मागच्याला दोन पिवळे दिसतात, तो वेग कमी करतो, आणि ही ढकलाढकली मागे सरकत जाते. रुळांवर पाणी साचले तर त्यातूनच प्रवाह जोडला जातो आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. मग मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबून सावकाश पुढे जायचे असते. एका लालमध्येच सगळी शिल्लक बुडते.

टप्पा 300 चा केला तर ताशी 60 ला 18 सेकंद वाचतात. रेडिओवर सतत संपर्क ठेवणाऱ्या सीबीटीसी प्रणालीत तर ठरावीक टप्पेच नसतात. मागची गाडी पुढचीपासून ब्रेकच्या अंतरावर, थोडी राखीव जागा सोडून, चालते. थांब्याचे 30 आणि वेग पकडण्याचे 26 सेकंद मात्र तिथेही द्यावेच लागतात.