तळटीपेतला गीता-संदर्भ : श्लोकक्रमांक आणि भाष्यं

भगवद्गीता आणि तिच्यावरची भाष्यं यांचा संदर्भ तळटीपेत देताना अध्याय आणि श्लोक हे दोन आकडे पूर्णविरामाने जोडून लिहायचे अशी रूढी आहे, म्हणजे भ.गी. २.४७. मूळ श्लोकासाठी पानाचा नंबर लागत नाही, कारण प्रत कुठलीही असली तरी वाचकाला श्लोक सापडतो. अर्धा किंवा पाव श्लोकच हवा असेल तर आकड्यापुढे चरणाचं अक्षर लावतात, २.४७अब म्हणजे पहिली ओळ. गीतेच्या बहुतेक अध्यायांत एवढ्यावर भागतं, तेराव्यात मात्र भागत नाही.

तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला काही प्रतींत अर्जुनाच्या तोंडी ‘प्रकृतिं पुरुषं चैव क्षेत्रं क्षेत्रज्ञमेव च’ असा एक प्रश्नाचा श्लोक येतो. तो धरला तर अध्यायात ३५ आणि गीतेत ७०१ श्लोक होतात, सोडला तर ३४ आणि ७००. शंकराचार्यांचं (सर्वसाधारणपणे आठवं शतक मानतात) भाष्य ‘इदं शरीरं कौन्तेय’ पासूनच सुरू होतं, आणि प्रस्तावनेत त्यांनी गीता ‘सप्तभिः श्लोकशतैः’ रचली असं स्पष्ट म्हटलंय, त्यामुळे ७०० ही संख्या निदान त्यांच्या काळापासून तरी पक्की धरायला हरकत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनेही प्रश्नाचा श्लोक मूळ पाठात घेतलेला नाही. उलट बाजूला महाभारताच्याच रूढ प्रतींत गीता संपल्यावर एक हिशोब येतो, कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७ आणि धृतराष्ट्राचा १, म्हणजे ७४५, आणि यावरून गीता पूर्वी मोठी असावी असं काही अभ्यासकांनी सुचवलं, काश्मिरी पाठातले जादा श्लोकही त्यासाठी पुढे केले गेले, पण त्या पाठानेही ७४५ चा आकडा भरत नाही, म्हणून संदर्भासाठी ७०० ची मोजणी धरणंच जास्त सुरक्षित वाटतं.

हा वाद तळटीपेत कुठे टोचतो ते एका श्लोकावर बघता येईल. ‘क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि’ हा श्लोक ७०० च्या मोजणीत १३.२ आहे, ७०१ च्या मोजणीत १३.३, आणि तिथून अध्याय संपेपर्यंत प्रत्येक आकडा एकाने सरकतो. आपल्या हातातली प्रत कुठली हे ओळखायला पहिला श्लोक बघून उपयोग नाही, कारण काही प्रकाशक प्रश्नाचा श्लोक छापतात पण त्याला क्रमांक देत नाहीत. शेवटचा ‘क्षेत्रक्षेत्रज्ञयोरेवम्’ बघायचा, तो ३४ असेल तर ७०० ची मोजणी, ३५ असेल तर ७०१ ची. महाभारतातून संदर्भ द्यायचा असेल तर आणखी एक फरक पडतो, चिकित्सक आवृत्तीत गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० अध्यायांत आहे आणि नीलकंठाच्या टीकेसह छापलेल्या रूढ प्रतीत २५ ते ४२ मध्ये. तेव्हा पहिली तळटीप अशी होते: भ.गी. १३.२ (= महाभारत, चिकित्सक आवृत्ती, ६.३५.२, ३५ श्लोकांच्या प्रतींत १३.३). पुढच्या टिपांत नुसतं भ.गी. १३.२ पुरतं, मोजणी कुठली हे एकदा सांगून झालेलं असतं.

भाष्याला मात्र पान लागतंच. याच श्लोकावरचं शांकरभाष्य पानंच्या पानं चालतं, क्षेत्रज्ञ आणि ईश्वर एकच असतील तर संसार कोणाला या प्रश्नावर तिथे लांब पूर्वपक्ष-उत्तरपक्ष आहे, म्हणून ‘शां.भा. १३.२’ एवढंच लिहिलं तर वाचक शोधत बसतो. ‘शां.भा., भ.गी. १३.२ वर’ असं लिहून पुढे संपादक, प्रकाशनस्थळ, वर्ष आणि पृष्ठ द्यावं. उचललेलं वाक्य पूर्वपक्षाचं असेल तर तसं टिपेत लिहावं, नाहीतर आचार्यांनी जे खोडून काढलं तेच त्यांचं मत म्हणून छापलं जातं, आणि अशी चूक एका लेखातून दुसऱ्यात जात राहते.

ज्ञानेश्वरीत १३.२ याचा अर्थच वेगळा. तिथे ओव्यांचा क्रम अध्यायाच्या आरंभापासून चालतो, श्लोकाला बांधलेला नसतो, त्यामुळे ज्ञा. १३.२ ही सुरुवातीच्या गुरुवंदनातली ओवी, ‘क्षेत्रज्ञं चापि’ वरची नव्हे. शिवाय एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठावरच्या प्रती आणि राजवाड्यांची १९०९ ची प्रत यांत ओव्यांची संख्या सारखी नाही, म्हणून इथे प्रतीचं नाव प्रत्येक लेखात एकदा द्यावंच लागतं, आणि ओवीचे पहिले दोन-तीन शब्द दिले तर दुसरी प्रत घेऊन बसलेल्यालाही ती सापडते.