घाटात धावताना घड्याळावर दिसणारे वॉट

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना दर किलोमीटरला लागणारा वेळ, म्हणजे धावपटूंच्या बोलीतला पेस, फारसा उपयोगी पडत नाही, कारण वेग कमी होतो आणि श्रम मात्र वाढतात. अशा ठिकाणी हल्ली अनेकजण घड्याळावरचा ‘रनिंग पॉवर’ हा आकडा पाहून धावतात. तो आकडा उपयोगाचा आहेच, पण तो कशाचा आहे हे समजून घेतले नाही तर त्याच्यामुळे फसगतही होते.

सायकलच्या पॉवर मीटरमध्ये क्रँक किंवा पेडल दाबाखाली किती वाकते हे प्रत्यक्ष मोजले जाते, आणि तो जोर व फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून वॉट मिळतात. धावताना असा जोर कोठेही मोजला जात नाही. बुटाच्या नाडीला अडकवलेल्या किंवा मनगटावरच्या सेन्सरला फक्त हालचाल आणि हवेचा दाब कळतो. त्यांवरून वेग व चढ काढून, तुम्ही भरलेले वजन घेऊन, उपकरण एका सूत्राने वॉटचा अंदाज करते. ‘पॉवर’ऐवजी ‘अंदाजित पॉवर’ असे नाव दिले असते, तर निम्मे गैरसमज झालेच नसते असे मला वाटते.

सत्तर किलो वजनाचा धावपटू सपाट रस्त्यावर सहा मिनिटांत एक किलोमीटर धावतो असे समजू. धावण्यासाठी दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे त्याने सहा मिनिटांत सुमारे 70 किलोकॅलरी खर्च केल्या, आणि शरीराचा हा खर्च जवळजवळ 810 वॉट होतो. त्यातला बराच भाग उष्णता बनून जातो. उरलेले यांत्रिक काम एक चतुर्थांश धरले, तर घड्याळावर 200 वॉटच्या आसपास आकडा दिसेल.

पण हा ‘एक चतुर्थांश’ कोठून आला? सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना प्रत्येक पावलाअखेर शरीराची उंची आणि गती पुन्हा जिथल्या तिथे येते. मधल्या काळात टाचेमागची शिर आणि तळपायाची कमान स्प्रिंगसारखी ताणली जाते व साठवलेली ऊर्जा परत देते. ही फुकट परत मिळालेली ऊर्जा ‘काम’ म्हणून मोजायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. त्यामुळेच त्याच धावपटूला एक कंपनी 200 वॉट दाखवते, तर दुसरी 260, आणि दोन्हींपैकी एकीला चूक म्हणता येत नाही. मित्राच्या वॉटशी आपले वॉट ताडून पाहणे किंवा मध्येच उपकरण बदलून जुन्या नोंदींशी तुलना करणे म्हणूनच निरर्थक ठरते.

आता घाटाकडे येऊ. पाच टक्के चढावर तेवढेच अंतर धावायला सपाटीच्या मानाने सुमारे तीस टक्के जास्त ऊर्जा लागते, असे चढत्या ट्रेडमिलवर श्वासातला ऑक्सिजन मोजून केलेल्या प्रयोगांवरून दिसते. आपल्या धावपटूने 200 वॉटच कायम ठेवायचे ठरवले, तर त्याचा पेस सहा मिनिटांवरून पावणेआठ मिनिटांच्या आसपास यायला हवा. पहिल्या वळणावरच जोर लावून दम घालवणाऱ्याला हा आकडा वेळीच आवरतो, आणि रनिंग पॉवरचा खरा उपयोग मला येथेच दिसतो.

चढ ओळखण्याचे काम मुख्यतः हवेचा दाब मोजणारा सेन्सर करतो. आठेक मीटर चढल्यावर दाब जेमतेम 1 मिलिबारने घटतो, आणि पाच टक्के चढावर तेवढी उंची गाठायला 160 मीटर धावावे लागते. इतका सूक्ष्म फरक टिपताना आकडा काही सेकंद मागे पडणे साहजिक आहे, म्हणून छोट्या चढउतारांवर क्षणाक्षणाचे वॉट पाहू नयेत. घामाने किंवा पावसाच्या पाण्याने सेन्सरचे बारीक छिद्र बुजले, तर सपाट रस्त्यावरही वॉट उगाच वरखाली होऊ लागतात. तसे दिसले की घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे.

वेगाच्या बाबतीत बुटावरचा सेन्सर सरस ठरतो. पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा ते क्षणभर स्थिर असते, आणि त्या क्षणी सेन्सरला आपली साचलेली चूक शून्यावर आणता येते. मनगट असे कधीच थांबत नाही. त्यामुळे घड्याळ वेगासाठी बहुतांशी जीपीएसवर अवलंबून असते, आणि घाटाच्या नागमोडी वळणांवर किंवा उंच इमारतींच्या मधून धावताना जीपीएस चुकला की वॉटही चुकतात.

काही श्रम तर कोणत्याच सूत्राला दिसत नाहीत. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पाऊल वाळू सरकवण्यात ती वाया घालवते. वेग आणि चढ यांवरून हिशेब करणाऱ्या उपकरणाला मात्र जुहूच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू आणि बाजूचा डांबरी रस्ता जवळपास सारखेच वाटतात. मे महिन्यातल्या उकाड्याचेही तसेच आहे. वॉट 200 वरच असतात आणि हृदयाचे ठोके मात्र किलोमीटरमागून किलोमीटर वाढत जातात. अशा वेळी ठोक्यांवर विश्वास ठेवून वेग कमी करावा, कारण शरीराची खबर त्या दोघांपैकी फक्त ठोक्यांनाच असते.