स्क्रीनशॉटमधली पहिली ओळ: बँकेच्या नावाने येणाऱ्या मेसेजची पार्श्वभूमी

मनीषनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी रविवारी सकाळी एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "पाहा ना भाऊ, खातं बंद करून राहिले म्हणते. आज तर बँक बी बंद हाये." त्यांची पेन्शन त्याच खात्यात जमा होते, त्यामुळे जीव घाबरणं साहजिक होतं. मेसेज असा होता (लिंकमधला पत्ता मी बदलून नमुन्याचा घातला आहे):

```
Dear customer your account will be
BLOCK today. Update PAN card click
http://mybank.bank.in.pan-update.example/k7
```

वर पाठवणाऱ्याच्या जागी `+91` ने सुरू होणारा साधा दहा आकडी मोबाईल नंबर होता.

असा स्क्रीनशॉट हातात आला की बहुतेक जण आधी इंग्रजीतल्या चुका शोधतात. `BLOCK` च्या जागी `BLOCKED` हवं होतं, हे खरंच. पण शुद्ध भाषेत लिहिलेले खोटे मेसेजही आता भरपूर येतात, त्यामुळे त्या खुणेवर विसंबता येत नाही. मी आधी सगळ्यात वरची ओळ पाहतो आणि मग लिंक. या दोन जागांना एवढा अर्थ का आला, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला आणखी एक पडताळणी सक्तीची केली. पुढे त्यासाठी मोबाईलवर येणारा ओटीपी रुळला आणि मेसेजची पेटी ही खात्याची किल्ली ठेवायची जागा झाली. ठकांचं लक्ष तिकडे वळलं ते यामुळेच. त्या काळात घाऊक मेसेजांचा सुळसुळाट होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, 2010 चे नियम 27 सप्टेंबर 2011 पासून पूर्णपणे लागू झाले आणि व्यापारी मेसेजला ठरावीक साच्याचं नाव आलं. `JD-ABCBNK` असं काही दिसतं ना, ते हे. मधली अक्षरं पाठवणाऱ्या संस्थेची. सुरुवातीच्या दोनपैकी पहिलं अक्षर मोबाईल कंपनीचं आणि दुसरं सेवाक्षेत्राचं, म्हणजे J जिओचा आणि D दिल्लीचा. आपण नागपुरात आणि मेसेजवर दिल्लीचं अक्षर कसं, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. त्यात वावगं काही नाही. ते अक्षर मेसेज कुठल्या क्षेत्रातून सुटला ते सांगतं, घेणारा कुठे आहे त्याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या सवयीची आहे. 2017 मध्ये खात्याला आधार जोडा, नाहीतर खातं चालणार नाही, असे मेसेज खऱ्या बँकांकडूनच येत होते. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 ला बँक खात्यासाठीची ती सक्ती रद्द केली. पण "अमुक करा, नाहीतर खातं बंद" हे वाक्य बँकेच्या तोंडी शोभतं, हे तोवर आपल्या मनात पक्कं बसलं होतं. केवायसी आणि पॅनच्या नावाने येणारा खोटा मेसेज त्याच वाक्यावर उभा असतो. काकू घाबरल्या त्या भोळ्या म्हणून नव्हे, असे खरे मेसेज त्यांनी पाहिलेले होते म्हणून.

ट्रायच्या 2018 च्या नियमांनी घाऊक मेसेज पाठवणाऱ्या संस्थांना आपलं नाव आणि मेसेजचा मजकूर, दोन्ही आधी नोंदवणं भाग पाडलं. नोंदवलेल्या मजकुराशी जुळत नसेल तो मेसेज अडवायचा. हे 8 मार्च 2021 ला प्रत्यक्ष सुरू झालं तेव्हा खरे ओटीपीही अडकले आणि ट्रायला अंमलबजावणी काही दिवस थांबवावी लागली. पुढे घडी बसली, पण एक फट राहिली. नोंदवलेल्या मजकुरात खाते क्रमांक, रक्कम यांसाठी रिकाम्या जागा असतात. दुसऱ्याच्या नोंदणीचा गैरवापर करून त्या जागांत भलतीच लिंक घालता येत होती. म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये ट्रायने सगळी नावं आणि मजकूर पुन्हा तपासायला लावले. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर मान्य यादीत नसलेली लिंक असलेला असा मेसेज पोचवूच नये, असा नियम आला. 2025 मध्ये नावापुढे शेपूटही लागलं: जाहिरातीला `-P`, सेवेला `-S`, व्यवहाराला `-T`, सरकारी मेसेजला `-G`.

आता काकूंचा स्क्रीनशॉट पुन्हा पाहा. ही सगळी गाळणी नोंदवलेल्या नावाने येणाऱ्या मेसेजसाठी आहे. दहा आकडी नंबरवरून एखाद्याने सिमकार्ड टाकून मेसेज सोडला, तर तो त्या गाळणीतून जातच नाही. म्हणून खाते बंद होण्याची सूचना, सोबत लिंक आणि वर साधा मोबाईल नंबर, एवढं एकत्र दिसलं की माझ्यासाठी निकाल लागलेला असतो. व्हॉट्सअॅपवर बँकेचा लोगो लावून आलेला मेसेजही या गाळणीबाहेरचाच.

उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. वर नाव बरोबर दिसलं म्हणून मेसेज खरा ठरत नाही. बनावट टॉवरसारखं यंत्र वापरून जवळपासच्या फोनवर कुठलंही नाव उमटवता येतं, आणि फोन तो मेसेज बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत लावतो. नाव कोणाचं आहे ते ट्रायच्या `smsheader.trai.gov.in` वर शोधता येतं. पण त्यातून नाव कोणी नोंदवलं एवढंच कळतं, हा मेसेज त्यांनीच पाठवला का ते नाही.

तिथे लिंक कामी येते. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना `.bank.in` हा पत्ता घ्यायला सांगितलं, मुदत 31 ऑक्टोबर 2025. हा पत्ता आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच आणि बँकांनाच मिळतो. काकूंच्या मेसेजमध्येही `bank.in` आहे, आणि त्यांची नजर तिथेच अडकली. पण पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. `http://` नंतरची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहायचं. इथे रेघेच्या आधी `pan-update.example` आहे. मालक तो. त्याच्या डावीकडे त्याला `mybank.bank.in` काय, हवं ते लिहिता येतं. खऱ्या पत्त्यात `.bank.in` ला लागून रेघ येते किंवा पत्ता तिथेच संपतो. लिंक आखूड करून दिलेली असेल तर हे वाचता येत नाही, आणि स्क्रीनशॉट अर्धवट कापलेला असला तरी नाही. म्हणून मी नेहमी पूर्ण स्क्रीनशॉट मागतो, वरच्या नावासकट.

काकूंना एवढंच विचारलं, "लिंक दाबली का? एखादं `.apk` उतरलं का?" अशी अ‍ॅपची फाइल बसवून मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर ठकाकडे जातो. त्यांनी काही दाबलेलं नव्हतं. सोमवारी त्या पासबुक घेऊन शाखेत गेल्या, खातं सुरळीत होतं. दाबलं असतं आणि पैसे गेले असते, तर तिथल्या तिथे आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला आणि बँकेला फोन करायला लावला असता. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार खातेदाराने स्वतः ओटीपी वा पासवर्ड देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवायला मी काकूंना सांगून ठेवलंय.