बैठक-विनंतीची तपासणी

बैठक-विनंतीची तपासणी : भेटीसाठी किंवा ऑनलाइन बैठकीसाठी वेळ मागणारा संदेश पाठवण्याआधी त्याचा मसुदा चार अंगांनी वाचून पाहण्याची पद्धत. सुचवलेल्या वेळा, कालावधी, विषयपत्रिका आणि समोरच्याला उत्तर देण्याची सोय ही ती चार अंगे. एकाच कार्यालयातील माणसांना बहुधा एकमेकांचे कॅलेंडर पाहता येते, त्यामुळे तिथे हे काम पटकन उरकते. खरी गरज पडते ती बाहेरच्या माणसाला ई-मेल लिहिताना. त्याचा दिवस कसा भरलेला आहे हे पाठवणाऱ्याला दिसत नाही आणि पाठवणाऱ्याचा दिवस त्याला. या नोंदीत तोच प्रसंग घेतला आहे.

तपासणीची कसोटी एकच आहे : पत्र मिळालेल्या माणसाला उलट काही न विचारता, फोनवरून, एका ओळीत उत्तर देता येते का? त्यासाठी मसुदा त्याच्या जागी बसून वाचावा आणि मनात उठेल तो प्रत्येक प्रश्न टिपून ठेवावा. असा एकेक प्रश्न म्हणजे पत्रांची एक जादा फेरी. त्याने विचारायचे, उत्तराची वाट पाहायची आणि मग पुन्हा आपले कॅलेंडर उघडायचे. दिवसातून एकदाच ई-मेल पाहणाऱ्या माणसाशी अशा दोन फेऱ्या झाल्या की तीन-चार दिवस सहज जातात. तोवर सुचवलेल्या वेळांपैकी पहिली उलटूनही गेलेली असते.

एक मसुदा घेऊन पाहू. एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचे संपादक शुक्रवारी, ६ मार्च २०२६ रोजी, छापखान्याच्या व्यवस्थापकांना लिहितात :

> नमस्कार. अहवालाच्या छपाईसंदर्भात तुमच्याशी थोडे बोलायचे होते. पुढच्या आठवड्यात कधी वेळ आहे का? मला मंगळवार १० किंवा गुरुवार ११ तारखेला दुपारी जमेल. कृपया कळवावे.

पत्र सभ्य आहे आणि घाईत वाचले तर पुरेसेही वाटते. पण व्यवस्थापकांच्या बाजूने वाचले की प्रश्न उभे राहतात. बोलायचे कशाबद्दल, दराबद्दल की मुदतीबद्दल? थोडे म्हणजे किती? दुपारी किती वाजता? प्रत्यक्ष यायचे की फोनवर बोलायचे? शिवाय १० तारखेला मंगळवार असेल तर गुरुवारी १२ तारीख येते. म्हणजे ११ तारीख चुकली आहे की वार, हेही विचारावे लागणार.

विषयपत्रिका. तपासणी वेळांपासून सुरू करण्याचा मोह होतो, पण सुरुवात विषयांपासून करणे बरे. विषय ठरले की कालावधी ठरतो आणि कालावधी ठरला की कोणत्या वेळा सुचवता येतील ते कळते. विनंतीतील विषयपत्रिका सभेच्या औपचारिक विषयपत्रिकेइतकी लांब नसते. दोन-तीन ओळी पुरतात, मात्र प्रत्येक ओळीतून समोरच्याकडून काय हवे आहे ते कळायला हवे : निर्णय, मत की माहिती. ‘कागदाबाबत चर्चा’ या ओळीवरून काहीच तयारी करता येत नाही. ‘आतील पानांसाठी ७० की ८० ग्रॅमचा कागद, हे ठरवणे’ असे लिहिले तर व्यवस्थापक दोन्ही नमुने आणि दोन्ही दर बरोबर ठेवतील. विषय प्रश्नाच्या रूपात लिहून पाहावा. प्रश्न तयार होत नसेल, तर बैठक कशासाठी हे पाठवणाऱ्याचेच अजून ठरलेले नसते.

याच टप्प्यावर कधीकधी बैठकच गळते. संपादकांना फक्त छपाईला किती दिवस लागतील एवढेच हवे असेल, तर तो प्रश्न ई-मेलमध्येच विचारावा. बैठकीआधी काही वाचायचे असेल तर ते कोणते आणि किती पानांचे, हेही विनंतीत सांगावे. आदल्या रात्री चाळीस पाने आली तर ती वाचली जात नाहीत आणि बैठकीचा पहिला भाग त्यातला मजकूर सांगण्यातच जातो.

कालावधी. कालावधी अंदाजाने टाकू नये. प्रत्येक विषयापुढे मिनिटे लिहून त्यांची बेरीज करावी. इथे कागदासाठी दहा मिनिटे, मुखपृष्ठाच्या दोन नमुन्यांसाठी दहा आणि अंतिम फाइल देण्याच्या तारखेसाठी पाच मिनिटे धरली, तर पंचवीस होतात. सुरुवातीची विचारपूस आणि शेवटी ठरलेल्या गोष्टी पुन्हा म्हणून घेणे यासाठी पाच मिनिटे सोडली की अर्धा तास भरतो. बेरीज चाळीस मिनिटे आली आणि मागायचा अर्धाच तास असेल, तर एक विषय काढावा. पंधरा मिनिटे मागून पाऊण तास घेणे हा इथला सर्वांत वाईट प्रकार. समोरच्याची पुढची कामे त्याने कोलमडतात आणि पुढच्या विनंतीवर त्याचा विश्वास राहत नाही. प्रत्यक्ष भेट असेल तर ठिकाण लिहावे, कारण येण्याजाण्याचा वेळ त्याला स्वतःच्या कॅलेंडरात धरावा लागतो.

सुचवलेल्या वेळा. दोन किंवा तीन पर्याय पुरेसे. एकच दिला तर नकार आल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. सहा-सात दिले तर निवडण्याचे काम वाढते आणि पत्र नंतर पाहू म्हणून बाजूला पडते. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ हे आदरापोटी लिहिले जाते, पण त्यामुळे पर्याय शोधण्याचे सगळे ओझे समोरच्यावर जाते. वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीला लिहितानाही नेमके पर्याय द्यावेत आणि त्याखाली त्यांची सोय विचारावी. पर्याय एकमेकांपासून खरोखर वेगळे हवेत. मंगळवारी तीन, साडेतीन आणि चार वाजता हे तीन पर्याय दिसतात, पण मंगळवारची दुपार भरलेल्या माणसाला ते एकच. दोन वेगळे दिवस आणि त्यांत एक सकाळ, एक दुपार असली की जुळण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक पर्यायात वार, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ असावी. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याने चूक लपत नाही. वरच्या मसुद्यात नुसते ‘११ तारखेला’ असते, तर संपादक गुरुवारी आणि व्यवस्थापक बुधवारी वाट पाहत बसले असते. म्हणून पाठवण्याआधी कॅलेंडर उघडून वार-तारखेची जोडी एकेक करून ताडून पाहावी. महिना अक्षरी लिहावा. ५/६ ही तारीख कुठे ५ जून तर कुठे ६ मे अशी वाचली जाते. ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ हे शब्दप्रयोगही सगळे एकाच अर्थाने घेत नाहीत.

समोरची व्यक्ती दुसऱ्या देशात असेल तर दोघांची स्थानिक वेळ शेजारी-शेजारी द्यावी. मार्च महिन्यात इथे विशेष जपावे लागते. अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, युरोपात मात्र शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले दोन किंवा तीन आठवडे या दोन प्रदेशांतले नेहमीचे अंतर एका तासाने बदललेले असते. तोंडपाठ असलेला फरक वापरला, तर नेमक्या याच काळात बैठक एक तास चुकते. तपासताना आजचा फरक न पाहता बैठकीच्या तारखेचा फरक पाहावा.

सुचवलेल्या वेळा पाठवणाऱ्याने स्वतःच्या कॅलेंडरात राखून ठेवायला हव्यात. तीच वेळ दोन जणांना सुचवली आणि दोघांनीही ती निवडली, तर एकाला दिलेला शब्द मागे घ्यावा लागतो. राखण अनिश्चित काळ चालत नाही, म्हणून उत्तराची मुदत लिहावी. ही मुदत पहिल्या पर्यायाच्या निदान एक कामाचा दिवस आधीची असावी.

उत्तर देण्याची सोय. पर्यायांना क्रमांक दिले की नुसते ‘२’ हेही पूर्ण उत्तर ठरते. एकही पर्याय जमत नसेल तर काय करायचे याची वाट मात्र उघडी ठेवावी लागते. ती नसली तर अडचणीत सापडलेला माणूस नाही म्हणण्याऐवजी गप्प राहतो. पत्रात उत्तर मागणारा प्रश्न एकच असावा. वेळेबरोबरच बिलाचा पत्ता, जुन्या फाइली आणि कोणा सहकाऱ्याचा क्रमांकही विचारला, तर ते सगळे गोळा होईपर्यंत वेळेचेही उत्तर अडकते.

मोकळ्या वेळा दाखवणारी बुकिंगची लिंक नेहमीच्या संपर्कातल्या माणसाला सोयीची पडते. नव्या किंवा ज्येष्ठ व्यक्तीला नुसती लिंक धाडली तर ते रांगेत उभे केल्यासारखे वाटू शकते. शिवाय काही कार्यालयांच्या संगणकांवर अशी पाने उघडतही नाहीत. लिंक द्यायचीच तर क्रमांकित पर्यायांच्या खाली द्यावी.

संपादकांचा मसुदा आता असा होतो :

> विषय : वार्षिक अहवालाची छपाई – अर्ध्या तासाची भेट, १० किंवा १२ मार्च
>
> नमस्कार. अहवाल छपाईला देण्याआधी तुमच्याबरोबर तीन गोष्टी ठरवायच्या आहेत : आतील कागद ७० ग्रॅमचा की ८० ग्रॅमचा, मुखपृष्ठाच्या दोन नमुन्यांपैकी कोणता छपाईला सोपा, आणि अंतिम फाइल तुम्हाला कोणत्या तारखेपर्यंत हवी. अर्धा तास पुरेल. मी छापखान्यात येईन. नमुने सोबत जोडले आहेत, दोन पाने आहेत.
>
> १) मंगळवार, १० मार्च, दुपारी ३:०० ते ३:३०
> २) गुरुवार, १२ मार्च, सकाळी ११:०० ते ११:३०
> ३) यांपैकी जमत नाही, तुमच्या सोयीच्या दोन वेळा सांगा.
>
> सोमवारी दुपारी १२ पर्यंत नुसता क्रमांक कळवला तरी चालेल. तोपर्यंत दोन्ही वेळा राखून ठेवतो.

हे पत्र पहिल्यापेक्षा लांब आहे, तरी वाचणाऱ्याचे काम कमी झाले आहे. १० तारीख धरायची तर सोमवारची मुदत तशी आखूड आहे, कारण मध्ये शनिवार-रविवार येतात. छापखाना शनिवारी बंद असेल तर पहिला पर्याय काढून १३ मार्चचा शुक्रवार देणे अधिक योग्य. पाठवण्यापूर्वी मसुदा स्वतःलाच ई-मेल करून फोनवर उघडून पाहावा. पडदा न सरकवता भेटीचे कारण आणि कालावधी दिसतात का, आणि पर्याय वेगवेगळ्या ओळींत राहतात का, हे तिथे लगेच कळते. काही ई-मेल प्रोग्रॅम ओळी एकमेकांना जोडून टाकतात आणि मग क्रमांक परिच्छेदात बुडतात.

कॅलेंडर-निमंत्रण. कॅलेंडरमधून जाणारे निमंत्रण बहुतेक ठिकाणी आयकॅलेंडर या प्रमाणित रचनेत असते. तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. निमंत्रणाला स्वीकार, नकार किंवा ‘कदाचित’ असे एका स्पर्शात उत्तर देता येते. उलट दुसरी वेळ सुचवण्याची तरतूदही या रचनेच्या जोडीच्या प्रमाणित नियमांत आहे, पण ती सगळ्या प्रोग्रॅममध्ये सारखी चालत नाही. म्हणून बाहेरच्या माणसाला आधी पत्र आणि वेळ ठरल्यावर निमंत्रण हा क्रम ठेवावा. विचारण्याआधीच निमंत्रण धाडले, तर वेळ ठरवून टाकल्यासारखी दिसते आणि बदल सुचवायला माणूस संकोचतो.

‘२’ असे उत्तर आल्यावर त्याच दिवशी गुरुवारचे निमंत्रण पाठवावे आणि मंगळवारची राखलेली वेळ मोकळी करावी. निमंत्रणाच्या शीर्षकात ‘व्यवस्थापकांशी भेट’ असे लिहू नये, कारण व्यवस्थापकांच्या कॅलेंडरात तेच शीर्षक जाते आणि त्यांना स्वतःशीच भेट ठरल्यासारखे दिसते. ‘वार्षिक अहवाल छपाई : कागद, मुखपृष्ठ, तारीख’ हे शीर्षक दोघांनाही चालते. तीन विषय निमंत्रणाच्या वर्णनात पुन्हा उतरवावेत, कारण भेटीच्या आधी पाच मिनिटे माणूस जुने पत्र शोधत नाही, कॅलेंडर उघडतो.