घोळणा फुटतो तो उष्णता डोक्यात चढल्यामुळे नव्हे

"मुलाचा घोळणा फुटला. उष्णता डोक्यात चढली की तिथलं रक्त नाकातून उतरतं ना? मान मागे टाकून झोपवू का?"

मान मागे टाकू नका. हे रक्त डोक्यातून येत नाही. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागावर, म्हणजे बोटाचं टोक सहज पोहोचतं तिथे, चार-पाच धमन्यांच्या फांद्या एकमेकींना मिळतात. एक वरून डोळ्याच्या खोबणीकडून येते, एक मागून, एक टाळूतून, एक वरच्या ओठातून. या जाळ्याला 'लिटलचा भाग' म्हणतात. त्यावरचं ओलसर अस्तर अगदी पातळ, खाली थेट कूर्चा. आत येणारी कोरडी हवा आधी इथेच आदळते. खपली धरते, मूल ती नखाने काढतं आणि रक्त वाहू लागतं. उन्हाचा संबंध एवढाच, कोरडेपणापुरता.

म्हणून मुलाला बसवून किंचित पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये सोडून बघू नका. वरचं हाड दाबून उपयोग नाही, जाळं त्याच्या खाली आहे. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरून उलटी होऊ शकते.

नीट दाबूनही रक्त घशात उतरतच राहिलं, तर ते मागच्या धमनीचं असू शकतं. हे बहुधा वयस्कांत दिसतं. तेव्हा लगेच रुग्णालय गाठा.