सुकणारं पान आणि सडणारं पान

सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांची, पडलेली पानं नवं रोप यावं म्हणून बशीत ठेवली की आठ-दहा दिवसांत त्यांचे दोन तट पडतात. काही पानं टोकाकडून सुरकुततात, बारीक होतात, त्यांचा रंग उतरतो. काही मात्र फुगलेलीच राहतात, वरून चकचकतात, पहिल्यापेक्षा रसरशीत वाटतात. बहुतेक घरांत सुरकुतलेली पानं 'गेली' म्हणून केरात जातात आणि चकचकीत पानांवर पाण्याचे दोन थेंब जास्त पडतात. करायला हवं नेमकं उलटं.

दोन्ही पानं मरतच असतात, म्हणून गोंधळ होतो. पण पानातल्या पाण्याचं काय होतंय, ते दोघांत अगदी वेगळं आहे.

निरोगी पान आरपार दिसत नाही, कारण आत पेशींच्या मध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि प्रकाश तिथे विखुरतो. पानाच्या बुडाशी, म्हणजे जिथून ते खोडाला चिकटलेलं होतं तिथे, नवा कोंब फुटला की तो पानातलं पाणी आणि साखर ओढायला लागतो. पेशी एकेक करून रिकाम्या होतात, पण त्यांच्या भिंती शाबूत असतात. म्हणून वरची साल सैल पडते, सुरकुत्या येतात, आणि तरीही पान धुरकट, अपारदर्शकच राहतं. सडताना जिवाणू किंवा बुरशी पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात. विटा जागेवर आणि मधलं सिमेंट वाहून गेलेलं, अशी गत. पेशी फुटतात आणि त्यांतलं पाणी त्या हवेच्या पोकळ्यांत भरतं. हवा गेली की प्रकाश विखुरत नाही, आणि पान काचेसारखं दिसायला लागतं. ती चकाकी तब्येतीची नसते.

त्यामुळे पान ओळखायचं तर नुसतं रंगाकडे पाहून भागत नाही. पान उजेडासमोर धरायचं आणि बोटाच्या पेराने हलकं दाबायचं. कोंबाला पोसणारं पान वातट लागतं, दाबलं तर दबतं आणि परत वर येतं. सडकं पान दबतं ते दबतंच, आणि जास्त जोर लावला तर साल सरकते. अजूनही शंका असेल तर ते पान रात्रभर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवायचं. सकाळी कागदावर ओला डाग असेल तर विषय संपला.

बुडाची तपासणी याहून महत्त्वाची, आणि चूक होते ती इथेच. पान तुटल्यावर जखमेवर खपली धरते. ती फिकट तपकिरी असते, कोरडी असते आणि जखमेच्या कडेतच थांबते. सडणंही पुष्कळदा बुडापासूनच सुरू होतं आणि पहिल्या दिवशी तेही तपकिरीच दिसतं. अशा वेळी तपकिरी भाग जिथे संपतो तिथे बॉलपेनाने एक ठिपका द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंग ठिपक्याच्या आतच असेल तर ती खपली. ठिपका ओलांडून हिरव्यात शिरला असेल, कड ओलसर काळी दिसत असेल, तर ती सड.

शेजारच्या काकूंच्या बशीत हे सगळं एकदमच पाहायला मिळालं. त्यांच्याकडे घोस्ट प्लांट आहे, करड्या-गुलाबी पाकळ्यांसारख्या पानांचं, नर्सरीत सगळ्यात स्वस्तात मिळणारं. परतीच्या पावसात कुंडी गच्चीवरच राहिली होती. ती आत आणताना पानं पडली, ती त्यांनी सगळी गोळा केली. पुढे त्यांनी हाक मारली, "ह्ये बघा की, निम्मी सुकायलीत. टाकून देऊ का?"

बशीतली सगळी पानं एकाच झाडाची होती, पण पडण्याची कारणं वेगळी होती, आणि निकाल तिथेच लागला होता. काही पानं कुंडी उचलताना हाताचा धक्का लागून पडलेली. ती घट्ट, करडी, आणि त्यांचं बूड अखंड, गुळगुळीत, किंचित खोलगट. काही पानं कुंडीतच खालच्या बाजूला आपसूक गळून पडलेली. ती पिवळट, बोट लागताच सुटणारी. झाडाच्या बुडाशी ओल साचली की खालची पानं अशीच सुटतात, म्हणजे ती पडायच्या आधीच आतून बिघडलेली असतात. त्यांना खपली धरायला वेळच मिळत नाही. आणि दोन-तीन पानं मधूनच मोडलेली, ज्यांचं बूड खोडालाच राहिलं.

काकू टाकायला निघाल्या होत्या ती सुरकुतलेली पानं पहिल्या गटातली निघाली. उलटी करून पाहिली तर बुडाशी गुलाबी, केसांसारखी मुळं आणि त्यांच्या शेजारी मोहरीएवढा कोंब. टोक सुरकुतलेलं, बूड अजून भरलेलं. कोंबाला पोसणारं पान असंच सुकतं, टोकाकडून बुडाकडे. पिवळट पानं तोवर काचेसारखी झाली होती, त्यातल्या एकाखाली बशीत पाण्याचं वर्तुळ होतं. मोडलेल्या पानांनी खपली छान धरली, ती सडली नाहीत, पण त्यांतून कोंब आला नाही. घोस्ट प्लांट, इचेव्हेरिया, सेडम या मंडळींत नवं रोप घडवू शकणाऱ्या पेशी पानाच्या अगदी बुडाशी असतात. ते बूड झाडावर राहिलं की हातात उरतं ते नुसतं पाण्याचं पिंप. क्वचित अशा पानाला मुळं फुटतातही, पण मुळं आली म्हणजे रोप येणारच असं नाही. मुळं आणि कोंब ही दोन वेगळी कामं आहेत. एकाआधी दुसरं होऊ शकतं, एकाशिवाय दुसरंही होऊ शकतं.

इथे पानफुटीचा अनुभव आडवा येतो. तिच्या पानाच्या कडेला खाचाखाचांत रोपं येतात, म्हणून पान कसंही तोडा, ओल्या मातीवर टाका, चालतं. तोच नियम इचेव्हेरियाला लावला की पान सडतं. पान काढायचंच असेल तर ते बुडाशी धरून डावी-उजवीकडे हळू हलवायचं, 'टक' असं सुटलं पाहिजे. त्याआधी आठवडाभर झाडाला पाणी न दिलेलं बरं. तुडुंब पाणी प्यालेलं पान पटकन फाटतं आणि जखम उशिरा सुकते.

बुडाचं हे महत्त्व एका बाबतीत फार उपयोगी पडतं. सड टोकाला लागली असेल तर ब्लेड स्पिरिटने पुसून सडका भाग थोड्या निरोगी भागासकट कापून टाकायचा आणि बुडाकडचा तुकडा पुन्हा कोरडा ठेवायचा. तो जगू शकतो. सड बुडाला लागली असेल तर वाचवण्यासारखं काही उरत नाही, बाकीचं पान कितीही सुंदर दिसो. ते लगेच बाजूला काढायचं, कारण त्यातलं पाणी शेजारच्या पानाच्या जखमेला लागलं की तेही गेलं.

मग पाणी कधी द्यायचं? खपली धरेपर्यंत अजिबात नाही. पान स्वतःचं पाणी घेऊनच आलेलं असतं. त्याला बाहेरून पाणी प्यायला तोंड नसतं, आणि जखम ओली राहिली की फक्त जिवाणूंची सोय होते. आपल्याकडे सोलापुरात अडचण अशी की नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी शिळं पाणी ओतून भांडी भरायची असतात, आणि ते शिळं पाणी हमखास कुंड्यांत जातं. सक्युलंटच्या बशीला या वाटपातून वगळा. मुळं दिसायला लागल्यावर मात्र चित्र पालटतं. इथल्या कोरड्या हवेत उघडी मुळं टोकाला तपकिरी होऊन थांबतात. तेव्हा मुळांवर वाळू-कोकोपीटचं चिमूटभर मिश्रण भुरभुरायचं, पान वरच ठेवायचं, आणि मुळांच्या बाजूला दोन-चार दिवसांनी हलका फवारा मारायचा. फवारा मिश्रणावर, पानावर नाही.

मिश्रणात आपली काळी माती नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते, त्यात मुळं तुटतात. जाडसर वाळू किंवा चाळलेला विटांचा चुरा दोन भाग आणि कोकोपीट एक भाग, एवढं पुरतं. नुसतं कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, त्यामुळे सडीची पानं बहुधा तिथेच सापडतात. वर प्लास्टिकचं झाकण किंवा पिशवी घालायचा मोह होतो, कारण गुलाबाच्या कलमाला तसं करतात. इथे ते सरळ सडीला आमंत्रण आहे.

ऋतूचं गणितही याच दोन पानांत आहे. पावसाळी दमट हवेत खपली उशिरा धरते, तेव्हा सड जास्त. एप्रिल-मेमध्ये खपली लवकर धरते, पण दुपारचा पारा सहज चाळिशीपार जातो, रात्रीही गरम असतात, आणि मूळच्या मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या या झाडांची वाढच मंदावते. तेव्हा एक तिसरंच पान तयार होतं. ते सुरकुतलेलं, अपारदर्शक, वातट असतं, पण बुडाशी ना मूळ ना कोंब, आणि बूडही टोकाइतकंच सुरकुतलेलं. ते कुणाला पोसत नाहीये, नुसतं वाळतंय. त्याला सावलीत हलवून वाट पाहता येते, फार आशा ठेवू नये. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पूर्वेकडची खिडकी, उजेड भरपूर, थेट ऊन फक्त सकाळचं कोवळं.

एक बारीक फसवाफसवी आणखी. बुडाशी पांढरं काही दिसलं म्हणजे मूळच असं नाही. मूळ दोऱ्यासारखं एका दिशेने जातं. कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपायचा. सगळीकडे पसरलेली मऊ लव म्हणजे बुरशी, आणि तिच्याखालचं पान बहुधा आधीच मऊ झालेलं असतं.

आणि सगळ्याच सक्युलंटवर हा प्रयोग करू नये. कोरफडीचं पान कितीही नीट तोडा, कितीही सुकवा, ते सडणार किंवा वाळणार, रोप देणार नाही. तिची बाजूची पिल्लंच लावायची. जेडचं पान रोप देतं, पण सावकाश. मोठ्या, झालरीदार इचेव्हेरियाची खालची पानं पुष्कळदा नुसती मुळं काढून बसतात. त्यांच्या फुलाच्या दांड्यावर जी छोटी पानं येतात, ती जास्त भरवशाची.

रोप रुपयाएवढं झालं तरी जुनं पान ओढून काढायचं नाही. ते कागदासारखं वाळून आपोआप सुटतं. घाई केली तर पुष्कळदा त्याच्याबरोबर मुळंही येतात, कारण ती निम्मी पानाच्याच बुडाला धरलेली असतात.