नावं वेगळी, औषध एकच: स्ट्रिपच्या मागे काय वाचायचं

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एक आजी रक्तदाबासाठी रोज सकाळी 'मेट एक्सएल 50' घेतात. दिवाळीला मुलाकडे पुण्याला गेल्या, तिथे डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी 'सेलोकेन एक्सएल 50' लिहून दिली. घरी आल्यावर आजींनी जुनी गोळी चालू ठेवली आणि नवीही सुरू केली. थोड्याच दिवसांत चक्कर, अंगात त्राण नाही, नाडी मिनिटाला पन्नासच्याही खाली. दोन्ही स्ट्रिपांत औषध एकच होतं, मेटोप्रोलॉल सक्सिनेट. आजी दुप्पट डोस घेत होत्या, आणि नावांवरून ते कुणालाही कळलं नसतं.

इतकी नावं येतात कुठून? आपल्याकडच्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, तो बनवण्याच्या पद्धतीवरच मिळे. 2005 पर्यंत हेच चाललं. त्यामुळे ज्या कंपनीला स्वतःची पद्धत बसवता आली, तिने तोच रेणू बाजारात आणला. मेटोप्रोलॉल हे नाव सगळ्यांचं, त्यावर कुणाची मालकी नाही. म्हणून डॉक्टरांच्या लक्षात राहील असं आपलं वेगळं नाव प्रत्येक कंपनी नोंदवून घेते. त्यात पुन्हा एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी गोळ्या बनवून देतो. स्ट्रिपवर 'निर्माता' एक आणि 'विक्रेता' दुसराच दिसतो, तो यामुळे.

इंदूरच्या दवा बाजारात विचारलं तर "कंटेंट तोच आहे, कंपनी दुसरी" असं सहज सांगतात. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण मेटोप्रोलॉलच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये, कारण ते दोन वेगळ्या क्षारांच्या रूपात मिळतं आणि शरीरात दोन्हींची चाल वेगळी आहे.

मेटोप्रोलॉल हा मूळ रेणू. तो टार्टरिक आम्लाशी जोडला की मेटोप्रोलॉल टार्टरेट होतं, सक्सिनिक आम्लाशी जोडला की मेटोप्रोलॉल सक्सिनेट. टार्टरेट पाण्यात फार पटकन विरघळतं. त्याची साधी गोळी काही तासांत ओसरते, म्हणून ती सहसा दिवसातून दोनदा घ्यावी लागते. 'बीटालॉक' हे त्यातलं एक नाव. सक्सिनेट त्या मानाने सावकाश विरघळतं. ते हळूहळू सुटेल अशा बेताने गोळीत बसवतात आणि दिवसाला एकच गोळी पुरते. नावापुढचं 'एक्सएल', 'एक्सआर' किंवा 'ईआर' हेच सांगतं. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांचं आयुष्य वाढतं हे 1999 च्या मोठ्या चाचणीत दिसलं, ते या सावकाश सुटणाऱ्या सक्सिनेटने. तिथे साधी टार्टरेट देऊन भागत नाही.

आता स्ट्रिप उलटी करून बघा. पुढे मोठ्या अक्षरात 50 लिहिलेलं, आणि मागच्या बारीक ओळीत 'मेटोप्रोलॉल सक्सिनेट 47.5 मि.ग्रॅ., मेटोप्रोलॉल टार्टरेट 50 मि.ग्रॅ.शी समतुल्य'. बरेच जण हे वाचून दचकतात, की आपल्याला कमी औषध दिलं. तसं नाही. दोन आम्लांची वजनं वेगळी आहेत. 50 मिलिग्रॅम टार्टरेटमध्ये मूळ मेटोप्रोलॉल साधारण 39 मिलिग्रॅम असतं, 47.5 मिलिग्रॅम सक्सिनेटमध्येही तेवढंच. औषधाची मात्रा तीच, फक्त सोबतच्या आम्लाचं वजन बदललं.

म्हणून दोन स्ट्रिपा जुळवताना ही मागची ओळ शेजारी-शेजारी धरून शब्दन् शब्द ताडून पाहावी: रेणू तोच का, क्षार तोच का, मिलिग्रॅम तेवढेच का, आणि 'एक्सटेंडेड रिलीज' किंवा 'प्रोलाँग्ड रिलीज' दोन्हींवर आहे का. 'मेटोलार एक्सआर' कॅप्सूल आहे, मेट एक्सएल गोळी. आकार वेगळा असला तरी ओळ जुळली तर औषध तेच. उलट 'मेट एक्सएल एएम' हे नाव जवळजवळ सारखं, पण त्यात अॅम्लोडिपिन हे दुसरं औषधही आहे. मला शेवटच्या या दोन अक्षरांची धास्ती जास्त वाटते, कारण घाईत ती नजरेतून निसटतात. नुसत्या 'मेट' वरही जाऊ नये; मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या कितीतरी गोळ्यांची नावं तशीच सुरू होतात.

ओळ जुळली तरी बदल डॉक्टरांना विचारून करावा. चिठ्ठीवर मिळणाऱ्या शेड्यूल एच औषधांत लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड आपल्या मनाने द्यायची केमिस्टला कायद्याने परवानगी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर रेणूचं नाव लिहिलं तर मार्ग सोपा होतो, जनऔषधी केंद्रातही ते औषध त्याच नावाने मिळतं.

आणि त्या आजींसारखं कुणी दोन्ही गोळ्या घेत असल्याचं लक्षात आलं, तर घाबरून दोन्ही एकदम बंद करू नका. मेटोप्रोलॉल अचानक थांबवलं की नाडी आणि रक्तदाब उसळी घेतात, हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखूही शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, दोन्ही स्ट्रिपांची मागची ओळ वाचून दाखवा आणि नाडी किती आहे तेही सांगा. कुठली गोळी ठेवायची, किती घ्यायची, हे ते ठरवतील. नाडी फार मंद असेल, शुद्ध हरपत असेल किंवा धाप लागत असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.